पहाटेच्या गल्लीत शुकशुकाट नसतो

शाळेत ‘आमच्या गावची पहाट’ हा निबंध आला की पहिली चार वाक्यं जवळजवळ ठरलेली असतात. पहाटेची वेळ होती. सर्वत्र नीरव शांतता पसरली होती. गल्लीत शुकशुकाट होता, चिटपाखरूही दिसत नव्हते. झाडे स्तब्ध उभी होती. मग कोंबडा आरवतो, पूर्वेला तांबडं फुटतं आणि निबंध मार्गी लागतो. शिक्षकही यावर लाल शाई फिरवत नाहीत, कारण शुद्धलेखन ठीक असतं, वाक्यं बिनचूक असतात, आणि ‘नीरव’सारखा शब्द वापरल्याबद्दल एखादा गुण जास्तच पडतो.

प्रस्तुत पुस्तक या चार वाक्यांशी भांडण काढून सुरू होतं. लेखिकेने आयुष्यभर मराठी शिकवलं आहे, त्यामुळे हे भांडण घरचंच आहे. तिचं म्हणणं एवढंच की शांततेचे म्हणून आपण जे शब्द एका पिशवीत टाकतो ते एकमेकांचे पर्याय नाहीत. कमी शांत, जास्त शांत अशी चढती भाजणीही त्यांची लागत नाही. प्रत्येक शब्द कशाची तरी उणीव सांगतो: कुठे माणसं नाहीत, कुठे आवाज नाही, कुठे बोलणं नाही, कुठे हालचाल नाही, कुठे घाई नाही. गल्लीत नेमकं काय नाही हे ठरवल्याशिवाय शब्द ठरत नाही. या नियमाने वरची चार वाक्यं तपासली तर पहिलं सोडून बाकीची तिन्ही खोटी पडतात. शब्दांच्या या शेतात नव्याने उतरणाऱ्या वाचकाला बांध कुठे आहेत ते दाखवावं, म्हणून ही प्रस्तावना.

शुकशुकाटापासूनच सुरुवात करू. हा शब्द आपण कुठे वापरतो? वैशाखातल्या दुपारी बाजारपेठेत शुकशुकाट असतो. बंदच्या दिवशी एस.टी. स्टँडवर असतो. 2020 च्या टाळेबंदीत वर्तमानपत्रांनी तर तो रोज छापला. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे: माणसं असायला हवी होती आणि नाहीत. अपेक्षा मोडल्याची नोंद शुकशुकाट करतो. पहाटे पाचला गल्लीत माणसांची अपेक्षाच नसते, मग शुकशुकाट कसला? पण त्याच गावाचा बाजाराचा दिवस असेल, भाजीवाल्यांच्या गाड्या एव्हाना लागायला हव्या होत्या आणि एकही आली नसेल, तर त्या पहाटे हा शब्द अचूक बसतो. शब्द बदलला नाही, गल्ली बदलली नाही, गल्लीकडून असलेली अपेक्षा बदलली.

सामसूम त्याचा जवळचा भाऊ वाटतो, पण तो वेगळ्या घरचा आहे. सामसूम होते, म्हणजे ती आधी नसते. दिवे मालवले जातात, शेवटचं दार लागतं, पारावरची मंडळी उठतात, निजानीज होते आणि मग सामसूम. हा रात्रीचा शब्द आहे आणि पहाटेला तो रात्रीकडून उसना मिळतो. चारच्या सुमारास गल्लीत अजून सामसूम आहे असं म्हणता येतं. पहिला खराटा अंगणात फिरला की म्हणता येत नाही. वर्णन लिहिणाऱ्याला ही सीमा फार उपयोगाची आहे, कारण सामसूम मोडली असं एक वाक्य लिहिलं की रात्र संपल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा शब्द ओस. या शब्दाला वर्णनाच्या पुस्तकात एवढी जागा मिळेल असं मला वाटलं नव्हतं, पण लेखिकेने त्याला योग्य ठिकाणी नेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम आटोपून उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत तिथली गल्ली पहाटे पाहिली तर धूर निघणाऱ्या चुली मोजक्या, अंगणं न झाडलेली, दारांना कुलपं, आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं. तिथे कोंबडाही आरवतो आणि तांबडंही फुटतं, पण गल्ली शांत आहे असं लिहिणं म्हणजे काहीच न पाहिल्यासारखं आहे. ती ओस आहे. सामसूम उजाडल्यावर संपते, ओसपण उजाडल्यावर जास्त दिसतं.

माणसांच्या उणिवेचे हे शब्द झाले. आवाजाच्या उणिवेचे शब्द आपल्याकडे बहुतेक संस्कृतातून आले आहेत आणि ते नकारावर उभे आहेत: नीरव, निःशब्द. उलट बोलीतले शब्द पाहा. सामसूम, शुकशुकाट, चिडीचूप, गपगार, गुपचूप हे सगळे कानाला गोड लागणारे, स्वतःच थोडासा आवाज करणारे शब्द आहेत. संस्कृत वळणाचा शब्द ‘रव नाही’ असा निवाडा देतो. बोलीतला शब्द तोंडात घोळवावा लागतो. पहाटेच्या वर्णनात दोन्ही तऱ्हा लागतात, फक्त त्या एकाच वाक्यात कोंबू नयेत. ‘नीरव शांतता’ या जोडीतला पहिला शब्द आवाज नसल्याचं सांगतो आणि दुसरा तेच पुन्हा सांगतो, आणि इतक्या वर्षांच्या वापराने आता दोघांचंही कुणी ऐकत नाही.

पण नीरव पहाटेला न शोभण्याचं खरं कारण पुनरुक्ती हे नाही. खरं कारण हवेत आहे, आणि पुस्तकाच्या या भागात मी सर्वांत जास्त रमलो. दिवसा जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची त्यापेक्षा थंड असते. आवाज गरम हवेत जास्त वेगाने जातो, दर अंशामागे सेकंदाला साधारण 0.6 मीटर. त्यामुळे दिवसा आवाजाची लाट हळूहळू वर वळते आणि लांबचा आवाज आपल्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडत राहते, पहाटेपर्यंत तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि मग लाट उलटी, खाली वळते. वाराही बहुधा पडलेला असतो. याचा परिणाम आपण सगळ्यांनी अनुभवलेला आहे. एरवी कधी न ऐकू येणारी दूरची रेल्वे मार्गशीर्षातल्या पहाटे उशाशी धडधडते. शेजारच्या गावातला काकडा शब्दांसकट कळतो. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कुत्रं भुंकलं तर आपलं कुत्रं कान टवकारतं. ढगाळ रात्र असेल किंवा वारा सुटला असेल तर हे घडत नाही, म्हणून श्रावणातली पहाट आणि पौषातली पहाट कानाला वेगळी असते.

म्हणजे पहाटेला आवाज कमी असतात, पण ऐकू जास्त येतं. ज्या वेळी ऐकू सर्वांत जास्त येतं त्या वेळेला नीरव म्हणायचं, ही गंमतच आहे. चिटपाखराचं तर विचारूच नका. कोतवाल पक्षी उजाडायच्या कितीतरी आधी तारेवर बसून बोलायला लागतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी दयाळ शिट्टी घालत असतो, आणि निबंधातला विद्यार्थी नेमक्या त्याच घटकेला चिटपाखरूही नव्हतं म्हणून मोकळा होतो.

स्तब्ध झाडांबद्दल दोन वाक्यं पुरेत. स्तब्ध होण्याआधी काहीतरी चाललेलं असावं लागतं आणि ते कशाने तरी थांबावं लागतं. बातमी ऐकून माणूस स्तब्ध होतो, वादळापूर्वी झाडं स्तब्ध होतात, रोजच्या पहाटेला त्यांना काही झालेलं नसतं. इथे लेखिकेचं आणि माझं एका शब्दावर पटलेलं नाही. ‘निस्तब्ध’ हा शब्द तिने बाद केला आहे: स्तब्ध म्हणजेच थांबलेलं, त्याला पुन्हा नकार लावला तर ते चालू लागेल, असा तिचा युक्तिवाद. मला हा युक्तिवाद वर्गात टाळ्या घेणारा, पण अपुरा वाटतो. तो विसर्ग देऊन लिहिला तर तिचं खरं आहे. विसर्गाविना लिहिला तर इथला ‘नि’ नकाराचा नसून जोर देणारा आहे. शब्द तसा ठीक आहे, लिहिणाऱ्याने त्याला विसर्ग चिकटवू नये एवढंच.

आता राहिला तो सर्वांत मोठा शब्द, शांत. त्याच्या मुळाशी शमणं आहे. आधी काहीतरी खवळलेलं, पेटलेलं, भुकेलेलं असतं आणि ते शमतं. म्हणून भूक शांत होते, ग्रह शांत करतात, वास्तुशांत घालतात, आणि दिवा विझला असं न म्हणता शांत झाला म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात मुळात रस आठ आहेत. शांत हा नववा रस मानावा की नाही यावर पुढे शतकानुशतकं वाद झाला आणि काश्मीरच्या अभिनवगुप्ताने त्याची बाजू भक्कम मांडली. मराठीने या वादात उघड बाजू घेतली आहे: 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत शांतरसाला शृंगारावर मात करणारं स्थान आहे. तेव्हापासून आपल्याकडे शांतता हा नुसता कानाचा विषय उरला नाही. तो मनाचा झाला, आणि मला वाटतं वर्णनाची पहिली अडचण तिथेच सुरू झाली. गल्ली शांत आहे असं लिहिताना लेखक गल्लीबद्दल सांगतो की आपल्या मनाबद्दल, हे त्याचं त्यालाही कळेनासं झालं.

निवांतचा प्रवासही असाच झाला. गीतेच्या सहाव्या अध्यायात वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या, न हलणाऱ्या दिव्याची उपमा आहे. तिथला ‘निवात’ आणि आपला निवांत यांचं नातं सांगतात. म्हणजे मूळ उणीव वाऱ्याची. आज निवांत हा वाऱ्याबद्दल बोलत नाही, वेळेबद्दल बोलतो: निवांत ये, निवांत बस, जरा निवांतपणे सांग. घाई नाही, कुणी बोलावणार नाही, असा त्याचा अर्थ. त्यामुळे पहाटेच्या गल्लीला निवांत म्हणताना कोण निवांत हे पाहावं लागतं. ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले आजोबा निवांत असतील. धार काढायला निघालेली त्यांची सून नसते.

कुणाची शांतता हा प्रश्न या विषयाच्या इतिहासात सुरुवातीपासून आहे, फक्त तो उशिरा ऐकला गेला. पहाटेच्या वर्णनाची आपली एक जुनी परंपरा भूपाळीची, आणि भूपाळीचं काम झोपलेल्याला उठवण्याचं. त्यामुळे तिथे शांततेला जागाच नाही. होनाजी बाळाची जी भूपाळी 1951 च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटामुळे घराघरात गेली तिच्यात गायी हंबरतात, धार काढायची वेळ होते, सगळं गोकुळ कामाला लागलेलं असतं. पहाट म्हणजे गजबज. घाटाखालच्या आणि घाटावरच्या शाहिरांनी, भजनी मंडळींनी, दारी येणाऱ्या वासुदेवाने पहाट अशीच गायली.

दुसरी परंपरा जात्यावरची. गिरणी येण्याआधी पहाटेचा पहिला आवाज दळणाचा असे आणि त्याच्यावर ओवी असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढ्या ओव्या ज्या घटकेत जन्मल्या त्या घटकेला बाकीचं घर साखरझोपेत होतं. साखरझोप हा किती गोड शब्द, आणि किती थोड्यांच्या वाट्याचा. जी बाई दळते तिच्या कानाला पहाट शांत नाही, जात्याची घरघर तिच्या कानाशीच आहे. तिच्या दृष्टीने पहाटेत एकच गोष्ट नाही: ऐकणारं कुणी नाही. म्हणून तर सासरचं सगळं ती जात्याजवळ बोलू शकली. पुस्तकात या भागाला लेखिकेने ‘एकांत’ हा शब्द दिला आहे आणि तो मला बिनतोड वाटला. आवाज भरपूर, माणसं भिंतीपलीकडे, आणि तरी एकांत.

छापील साहित्यात निसर्ग स्वतःसाठी पाहावा ही दृष्टी आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि तिथे बालकवींना टाळून पुढे जाता येत नाही. त्यांची ‘औदुंबर’ ही कविता आठ ओळींची. झरा, चार घरांचं गाव, शेतं, पायवाट, डोह आणि शेवटी ते झाड. मराठीत शांत कविता सांगा म्हटलं तर दहांतले सहाजण हीच सांगतील. त्या आठ ओळींत शांततेचा एकही शब्द नाही. शांत नाही, निवांत नाही, नीरव नाही, निःशब्द नाही. वाचकाला जी शांतता जाणवते ती रंगांच्या क्रमाने, पायवाटेच्या वळणाने आणि शेवटच्या ओळीतल्या बसण्याने येते. शब्दांवरच्या पुस्तकात हे कबूल करणं धाडसाचं आहे, आणि लेखिकेने ते आडवळण न घेता केलं आहे. तिच्या मते शांततेचा शब्द हा मिठासारखा: कालवणात लागतो, पण वेगळा दिसला की बिघडलंच.

गद्यात हे वळण व्यंकटेश माडगूळकरांनी पक्कं केलं. ‘माणदेशी माणसं’ 1949 चं, ‘बनगरवाडी’ 1955 चं. माणदेशातला कोरडा, मोकळा माळ आणि धनगरांची वाडी यांसाठी जड शब्द उपयोगी नव्हते. त्यांनी वाक्य आखूड केलं. एक गोष्ट, एक वाक्य, आणि मग पुढची. दोन वाक्यांमधल्या पूर्णविरामात जी जागा सुटते तिथे त्यांची शांतता असते. याच्या शेजारी दुर्गा भागवतांचं 1956 चं ‘ऋतुचक्र’ ठेवून पाहावं. तिथे वाक्य लांब, रंगांनी आणि झाडांच्या नावांनी भरलेलं, आणि तरी गर्दी वाटत नाही, कारण पाहणाऱ्याला कुठेही जायची घाई नाही. ही दोन पुस्तकं हाताशी असली की मराठी वर्णनाची दोन टोकं समोर येतात. बाकीचे बहुतेक लेखक मधे कुठेतरी बसतात, आणि नवोदितांची अडचण अशी की ते सुरुवात माडगूळकरांसारखी करतात आणि तिसऱ्या वाक्यात दुर्गाबाईंकडे जातात.

1978 साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि पुढच्या दशकात दलित आत्मकथनांनी गावाचं चित्रच फिरवलं. गल्ली आणि वस्ती यांच्यातलं अंतर मोजलं जाऊ लागलं. गाव जागं व्हायच्या आत उरकायची कामं ज्यांच्या वाट्याला आली त्यांना पहाटेची शांतता ही निसर्गाची देणगी वाटण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी चिडीचूप हा शब्द खरा होता. चिडीचूप म्हणजे बोलू शकणारी माणसं दबावाने गप्प असणं. वर्ग चिडीचूप होतो तो मास्तर आल्यावर. गाव चिडीचूप झोपलं होतं असं आपण सहज लिहून जातो, तेव्हा कुणाचा दबाव, असं विचारायची सवय या लेखनाने लावली.

कोशांकडेही पुस्तक वळतं, पण थोडक्यात. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 पासूनचा. शब्द जमवण्यात हे अजूनही आपले वाडवडील आहेत. कोश अर्थ देतो, वेळ देत नाही. कोणता शब्द दुपारचा आणि कोणता पहाटेचा हे बोलणाऱ्यांना ठाऊक असतं म्हणून कुणी लिहून ठेवत नाही, आणि बोलणारे बदलले की ते हरवतं.

आणि बोलणाऱ्यांइतकीच गल्लीही बदलली आहे. हे शब्द मातीच्या गल्लीत, शेणाने सारवलेल्या अंगणांत, कुडाच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींत घडले. अशी गल्ली आवाज पिते. अनवाणी पावलाचा आवाज तिथे येतच नाही, वहाणेचा थोडा येतो. आता गल्लीत सिमेंट आलं, कुठे पेव्हर ब्लॉक आले, भिंती विटा-सिमेंटच्या झाल्या, आणि हे सगळं आवाज परत फेकतं. दुधाची किटली ठेवल्याचा आवाज या टोकाचा त्या टोकाला जातो. जात्याच्या जागी पाण्याची मोटर आली. गावागावांत नळाला पाणी पहाटे येतं, त्यामुळे गल्लीची पहाट पुष्कळदा पाण्याच्या वेळेने ठरते, तांबडं फुटण्याने नाही. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीची व्याख्याच घड्याळात बांधली: रात्री दहा ते सकाळी सहा. निवासी भागात या काळात मर्यादा 45 डेसिबलची, आणि रुग्णालय किंवा शाळेभोवतीच्या ‘शांतता क्षेत्रा’त 40 ची. जुन्या माणसाची पहाट सहाला बऱ्याच अंशी उरकलेली असे. कायद्याची रात्र तेव्हा संपते.

पुस्तक नेमकं काय करू पाहतं, हे एका उदाहरणाने सांगितलेलं बरं. लेखिका एकच गल्ली घेते. घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावातली, चाळीसेक घरांची, एका टोकाला मारुतीचं देऊळ आणि दुसऱ्या टोकाला स्टँडकडे जाणारा रस्ता. तिथे एस.टी.ची मुक्कामी गाडी उभी असते. ही गल्ली ती पुन्हा पुन्हा लिहिते आणि दर वेळी एखादा शब्द काढून किंवा घालून पाहते. मी तिच्या पद्धतीने निबंधातली चार वाक्यं पुन्हा लिहून पाहिली, ती अशी:

‘पाच वाजायला आले तरी सामसूम मोडली नव्हती. वरच्या अंगाला कुणीतरी कडी काढली, ती खाली देवळापर्यंत ऐकू आली. मग पुष्कळ वेळ काही नाही. मग खराटा. खराट्यापाठोपाठ सड्याचं पाणी पडलं आणि ओल्या मातीचा वास गल्लीत आला. स्टँडवर मुक्कामी गाडीचं इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.’

यात शांततेचा शब्द एकच आहे आणि तो पहिल्या वाक्यात, जिथवर तो खरा आहे तिथेच, वापरला आहे. पुढे आवाज आले, पण प्रत्येक आवाज एकटा आहे आणि त्याला शेवटपर्यंत ऐकू येण्याइतकी जागा आहे. कडीचा आवाज देवळापर्यंत पोचला म्हणजे मधे दुसरं काही नव्हतं, हे वाचकाला आपोआप कळतं. ‘मग पुष्कळ वेळ काही नाही’ हे वाक्य महत्त्वाचं. दोन आवाजांच्या मधल्या या खंडाला मराठीत पावसाच्या बाबतीत शब्द आहेत: पाऊस उसंत घेतो, उघडीप देतो. गल्लीसाठी तसा शब्द नाही, म्हणून तिथे वेळच लिहावा लागतो. खराटा हे एका शब्दाचं वाक्य आहे, कारण पहिल्या फटकाऱ्याच्या वेळी ऐकणाऱ्याला तेवढंच कळतं. इंजिन लागलं तिथे परिच्छेद थांबवला. त्यानंतर पुन्हा शांत असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, मुक्कामी गाडी सुटली की गाव उठतं.

बिघाड कसा ओळखावा याचीही एक साधी खूण लेखिकेने दिली आहे. परिच्छेदातला शांततेचा शब्द खोडून पाहा. अर्थ तसाच राहिला तर तो शब्द शोभेचा होता. अर्थ हलला, वेळ हलली किंवा माणसं हलली, तर तो ठेवा. माझ्या परिच्छेदातली सामसूम खोडली तर रात्र शिल्लक आहे हे कळत नाही, म्हणून ती राहिली. निबंधातली नीरव शांतता खोडली तर काहीही बिघडत नाही.

दोन ठिकाणी पुस्तक थिटं पडतं. पावसाळ्यातली पहाट त्यात कमी आहे. पाऊस थांबल्यावरही पागोळ्या गळत राहतात, आणि पाऊस थांबला आणि पागोळ्या थांबल्या या दोन वेगळ्या शांतता आहेत. दुसरी उणीव कोकणाची. लेखिकेची गल्ली घाटावरची असल्यामुळे तिथे पहाटे वारा पडलेला असतो. किनाऱ्यावर उलट आहे. तिथे रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहत असते आणि ती पहाटेही चालू असते. ऊन चढू लागल्यावर ती ओसरते, खारं वारं अजून सुरू झालेलं नसतं, आणि मधे काही वेळ काहीच वाहत नाही. म्हणजे पाखाडीवरची खरी स्वस्थता उजाडल्यानंतरची. होड्यांवर काम करणाऱ्यांकडे या मधल्या वेळेसाठी काय काय शब्द आहेत ते पुस्तकात आलेले नाहीत. दुसरी आवृत्ती निघाली तर ते रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडून यायला हवेत. लेखिकेने त्यासाठी शेवटी काही पानं कोरी सोडली आहेत, आणि सूचना दिली आहे की शब्दाबरोबर गावाचं नाव आणि घड्याळातली वेळही लिहावी.